गोरेगावकरांसाठी गुजराती: एका बैठकीत अपमान करायला शिका

हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सुरतेत गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'ईस्ट के वेस्ट?' तेव्हा चिडू नये. अपमान करायची आपली पाळी पुढं आहे.

आपल्या माणसाला गुजराती शिकायला वेळ लागत नाही. 'आहे'च्या जागी 'छे' घातलं, 'चा'च्या जागी 'नो' घातलं की झालं. या पद्धतीनं माझा भाचा सुरतेच्या कापड बाजारात सहा महिने टिकला. सातव्या महिन्यात शेठनी घरी जेवायला बोलावलं. मी दोन किलो हळद घेऊन सोबत गेलो होतो, म्हणून खालचं मार्गदर्शन डोळ्यांदेखतचं आहे.

सुरुवात दारातच करावी. शेठ सत्तरीचे. भाच्यानं हात जोडून तोंडभर विचारलं, "केम छे?" आपल्याकडं 'आहात' हा शब्द लग्नपत्रिकेपुरता असतो, त्यामुळं 'छे' सगळ्यांना चालतं असं आपण धरून चालतो. गुजरातीत मात्र 'तुं छे' आणि 'तमे छो' यांच्यात एक अख्खी पिढी उभी असते. शेठ हसले. "मजामां," म्हणाले आणि भाच्याला 'तमे' म्हणूनच आत घेतलं. टोमणा असा असतो.

इथं घाबरून जास्त अदब दाखवायला जावं, म्हणजे पुढची चूक आपसूक होते. मराठीत अदबीचा शेवटचा शब्द 'आपण'. भाच्यानं शेठच्या व्याह्यांना विचारलं, "आपणे क्यांना?" गुजरातीत 'आपणे' म्हणजे तुम्ही आणि मी मिळून आपण सगळे. म्हणजे पोरगं पाहुण्यांना विचारत होतं की आपण कुठले बरं? आदराचा शब्द तिथं 'आप', आणि रोज पुरतो तो 'तमे'.

नाती लावण्यात कसूर करू नये. शेठच्या मुलाचं वय बत्तीस. त्याला "दादा, पाणी आपजो" म्हटलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून नव्वदीचा आवाज आला, "हा, बेटा?" गुजरातीत दादा म्हणजे वडिलांचे वडील, आणि तिथं ते होतेही. मोठा भाऊ हवा असेल तर 'मोटाभाई', नाहीतर नावापुढं 'भाई' लावावं. बाईमाणसाच्या नावापुढं 'बेन'. आपल्या शाळेत 'बाई' म्हटलं की आपण उभं राहायचो. तिथं नुसतं 'बाई' म्हटलं की घरातल्यांना धुणीभांडी करणारी आठवते. हा प्रयोग भाच्यानं शेठाणीवर केला.

तो सावरायला त्यानं मराठवाड्याची माया काढली. आपल्याकडं म्हातारीला 'मावशी, तू बस की' म्हणण्यात जवळीक असते. अहोजाहो केलं तर उलट तिला परकं वाटतं. त्यानं म्हटलं, "मासी, तुं बेस!" मासी हा शब्द त्यांचाही, बेसणंही त्यांचंच. पण कित्येक गुजराती घरांत जन्मदात्या आईलाही 'तमे' म्हणतात. तिथं 'बेस' हा हुकूम झाला. 'बेसोने' म्हटलं असतं तर भागलं असतं. शेवटचं 'ने' म्हणजे आपल्या 'बसा ना' मधलं 'ना'. एका अक्षराचं काम, पण ते नेमकं गावी राहिलं होतं.

आता जेवण. शेठाणीनं विचारलं, "जमशो ने?" म्हणजे जेवणार ना. आपलं 'जेवणं' आणि त्यांचं 'जमवुं' एकाच घरातले, सख्खे भाऊ. आपलं 'जमणं' मात्र 'जमा'कडून आलेलं, परक्या घरचं. नुसतं आवाजानं सारखं. भाच्याला वाटलं, जमेल का असं विचारताहेत. तो उत्साहानं म्हणाला, "जमशे, जमशे!" त्याचा गुजराती अर्थ होतो 'तो जेवेल'. तो म्हणजे कोण? शेजारी मीच बसलो होतो. माझा एकादशीचा उपवास. भरलेलं ताट माझ्यापुढं आलं, भाच्यापुढं पाण्याचा पेला. अशा वेळी गैरसमज दूर करायला जाऊ नये, कारण तो त्याच भाषेत दूर करावा लागतो. मी पुऱ्या मोजत बसलो. शेवटी शेठनीच ताट उचलून त्याच्यापुढं सरकवलं.

निरोपाचा भाग सर्वांत सोपा, म्हणून तिथं जास्त काळजी घ्यावी. आम्ही उठलो, चपला घातल्या, दार उघडलं. घरातले सगळे, अगदी दादासुद्धा, एका सुरात म्हणाले, "आवजो!"

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. "मामा, या म्हणताहेत."

एवढ्या आग्रहानं बोलावल्यावर नाही म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही. आम्ही चपला काढल्या आणि परत सोफ्यावर जाऊन बसलो. शेठाणीनं एकदा शेठकडं पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.