सौजन्याने बाहेर पडा: चेंबर सोडू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी

तुमच्या एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेतून तुम्हाला बाहेर पडायचं आहे. अभिनंदन! आत येताना कारण कुणी विचारलं नव्हतं. एक अर्ज, दोन सूचक, एक चेक आणि सामोसा एवढ्यावर भागलं होतं. बाहेर पडायला मात्र कारण लागतं, तेही थोडक्यात आणि कुणाचं मन न दुखावणारं. पुढच्या पायऱ्या नीट पाळा. धडधड होईल, होऊ द्या.

1. मुहूर्त काढा. बहुतेक संघटनांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, म्हणून राजीनामा फेब्रुवारीत द्या. नवशिके मे महिन्यात जागे होतात, तोवर नव्या वर्षाचं बिल येऊन पडलेलं असतं. वर्गणी पाच हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 5,900 रुपये. ते रद्द करायचं तर संघटनेला क्रेडिट नोट काढावी लागते, आणि क्रेडिट नोट नावाची वस्तू असते हे मानद खजिनदारांना तुमच्याकडूनच कळतं. त्यातून तुमच्या अकाउंटंटने त्या बिलावरचं क्रेडिट घेऊन ठेवलं असेल आणि पैसे 180 दिवसांत दिले नाहीत, तर ते क्रेडिट व्याजासह परत करा. फेब्रुवारीत यातलं काहीच नसतं. घटना नावाची ती पातळ पुस्तिका तेवढी चाळून घ्या. काही ठिकाणी महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं. पुस्तिका सापडत नसेल तर सचिवांकडे मागू नका. घटना कोण मागतो हे संघटनेत सर्वांना ठाऊक असतं.

2. 'वर्गणीच भरायची नाही' ही लोकप्रिय पद्धत टाळा. दिसायला फार सभ्य आहे. पत्र नाही, कारण नाही, वाद नाही. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजलंही जात नाही. पण रजिस्टरात तुमचं नाव तसंच राहतं आणि त्यापुढे थकबाकी वाढत जाते. मग निवडणुकीचं वर्ष येतं. कुठल्याशा पॅनेलचा कार्यकर्ता तुमची थकबाकी परस्पर भरतो आणि संध्याकाळी फोन येतो, ''साहेब, तुमचं मत आपल्यालाच, बरं का!'' बाहेर पडायला निघालात आणि मतदार म्हणून परत आलात.

3. आता कारण. इथे घाई नको.

समजा, तुमचं बारा कामगारांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेटसमोरचा नाला दर पावसाळ्यात तुंबतो आणि माल भरायला आलेला टेम्पो गुडघाभर पाण्यात उभा राहतो. तुम्ही संघटनेला चार पत्रं दिली. संघटनेने त्याच नाल्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना वर्धापनदिनी शाल-श्रीफळ दिलं. फोटो काढताना तुम्ही मागच्या रांगेत होतात. साहजिकच तुमच्या राजीनाम्याचा पहिला मसुदा दोन पानी होतो आणि त्यात शालीचा उल्लेख तीनदा येतो. लिहा, मन मोकळं होतं. मग तो ड्रॉवरमध्ये ठेवा आणि ड्रॉवरला कुलूप लावा.

नियम साधा आहे: ज्यावर उपाय करता येतो, ते कारण पत्रात लिहायचं नाही. वर्गणी परवडत नाही म्हणालात तर सवलत मिळेल. वेळ मिळत नाही म्हणालात तर ''येऊ नका, नाव राहू द्या'' असं उत्तर येईल, आणि निम्मे सभासद याच अटीवर सभासद आहेत. नाल्याबद्दल लिहिलंत तर नाला उपसमिती स्थापन होईल आणि तिचे निमंत्रक तुम्ही असाल. अध्यक्षांबद्दल तर अवाक्षरही नको. पत्र तेच आधी वाचतात.

मग 'वैयक्तिक कारणास्तव' लिहावं का? मुळीच नको. हे दोन शब्द कमी पडल्यासारखे वाटतात, म्हणून उरलेले वसाहत भरते. दुपारपर्यंत तुमची अँजिओप्लास्टी झालेली असते, संध्याकाळपर्यंत बँकेने शेड सील केलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पत्रा देणारा व्यापारी उधारी बंद करून रोख मागतो.

खरं असेल, पण त्यावर कुणाला चर्चा करता येणार नाही, असं एकच वाक्य हवं. ते असं बसवा:

''प्रति, मानद सचिव. विषय: सभासदत्वाचा राजीनामा, सभासद क्रमांक अमुक. महोदय, आमच्या कंपनीने यंदा आपल्या सर्व सभासदत्वांचा आढावा घेऊन त्यांपैकी काही थांबवण्याचे ठरवले आहे. त्यानुसार 31 मार्च अखेर आमचे सभासदत्व संपुष्टात आणावे, ही विनंती. त्या तारखेपर्यंतची वर्गणी भरलेली आहे. राजीनाम्याची पोच व स्वीकृतीचे पत्र द्यावे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार.''

खोटं वाटू नये म्हणून आढावा खरोखर घ्या. चहा पिताना घेतला तरी चालतो. आभार मात्र एकदाच माना. 'सदैव ऋणी' वगैरे लिहिलंत तर ते वाक्य स्मरणिकेत सभासदांचे मनोगत म्हणून छापून येतं, फोटोसह.

4. सही बघा. सभासद कंपनी आहे, तुम्ही तिचे प्रतिनिधी. तेव्हा पत्र लेटरहेडवर आणि सही मालकाची, भागीदाराची किंवा संचालकाची. कार्यकारिणीवर असाल तर त्या पदाचा राजीनामा वेगळा द्या. सभासदत्व सोडलं म्हणजे खुर्चीही आपोआप सुटली, असं गृहीत धरू नका. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि तुम्ही विश्वस्त असाल, तर झालेल्या बदलाचा अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो कोण देणार हे त्याच दिवशी विचारून ठेवा, नाहीतर परिशिष्ट एकमध्ये तुम्ही नातवंडांच्या मुंजीपर्यंत विश्वस्त राहाल. बँकेच्या खात्यावर सही असेल तर आधी ती काढून घ्या. सौजन्य नंतर.

5. माल निर्यात करत असाल तर चेंबरकडून मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचं काय करायचं, ते आधी ठरवा. बिगरसभासदांनाही ते मिळतं, सहसा फी जास्त पडते. कंटेनर बंदरात आणि राजीनामा टपालात, अशी वेळ आणू नका.

6. शिष्टमंडळासाठी तयार राहा. तिघं येतील: एक तुमचा जुना मित्र, एक ज्येष्ठ आणि एक तुम्हाला न ओळखणारा, तो गाडी चालवायला. ''नाराज आहात का?'' असं विचारतील. ''नाही'' म्हणा आणि पत्रातलं वाक्य जसंच्या तसं म्हणा. उपाध्यक्षपद देऊ करतील. पुन्हा तेच वाक्य म्हणा. तिसऱ्या वेळी ज्येष्ठ नाल्याचा विषय काढतील. हा सर्वांत कठीण क्षण असतो. ड्रॉवरकडे बघू नका, चहा मागवा.

7. व्हॉट्सअॅप ग्रुप सोडायची घाई नको. आधी स्वीकृतीचं पत्र हातात येऊ द्या. हल्ली ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते म्हणून निश्चिंत होऊ नका. अॅडमिन सचिवच असतात.

स्वीकृतीचं पत्र कधी येईल हे पुढची कार्यकारिणी कधी भरते यावर आणि तिला कोरम मिळतो का यावर अवलंबून आहे. तोवर तुमच्या पत्राच्या प्रतीवर घेतलेला आवकचा शिक्का आणि तारीख जपून ठेवा. दिवाळीच्या सुमारास स्मरणिकेच्या जाहिरातीचं दरपत्रक येईल. त्यात दोन रकाने असतात. तुमच्या नावापुढे बिगरसभासदाचा, म्हणजे महागडा दर लावलेला असेल, तर तुमचा राजीनामा मंजूर झाला असं समजा.