काळ्या चित्राचा दाखला

धारणीस, जेथे रेंज पाहुणीसारखी येते आणि पाहुणीप्रमाणेच अवेळी निघून जाते, चौघा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एका ऑनलाइन शिकवणीचे शुल्क भरले व धड्याचा स्क्रीनशॉट घेऊ गेले, तो हाती आले निखळ काळे चित्र. कारण ॲपवाल्यांनी तशी तजवीज आधीच केली होती. मग दुसऱ्या फोनने पहिल्याचे छायाचित्र काढण्यात आले. दुर्दैव इतकेच, की त्यावर शुल्क भरणाऱ्याचा क्रमांक फिकट, तिरपा तरंगत होता, म्हणजे मुद्देमालावर आरोपीची सहीच!

१९५७च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ खाजगी अभ्यासासाठी रास्त वापराची मुभा देते. तेव्हा उजळणीपुरते एखादे पान टिपणारा सहसा गुन्हेगार ठरत नाही; ॲपच्या शर्ती न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवताना त्याने काय कबूल केले, ही बाब निराळी. परंतु तेच पान दोनशेजणांच्या समूहावर सोडणारा ‘खाजगी’चा अर्थ कोणत्या कोशातून आणतो, हे सरस्वतीच जाणे.

परीक्षेच्या प्रश्नाचे प्रकरण याहून वेगळे. ३ मार्च २०२३ रोजी सिंदखेडराजाकडे बारावीच्या गणिताची पाने वेळेआधीच फोनांवर फिरली, तेव्हा पोलीस धावले ते मंडळाच्या वाङ्मयीन हक्कांसाठी नव्हे. तेथे प्रश्न परीक्षेतील गैरप्रकाराचा, पर्यायाने सचोटीचा होता, आणि सचोटीस रास्त वापराची सवलत नसते.

एका शाळेने यावर स्क्रीनशॉटबंदीचा फतवा काढला. तो पालकांपर्यंत पोहोचला. अर्थात, स्क्रीनशॉटच्या रूपाने.