‘होतकरू’ असं कुणी टाइप करत नाही

नोकरी डॉट कॉमवर शंभर प्रोफाइल उघडा. रेझ्युमे हेडलाइनच्या रकान्यात पुन:पुन्हा एकच वाक्य दिसेल: नामांकित कंपनीत आव्हानात्मक संधीच्या शोधात. त्याखाली की स्किल्समध्ये मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर, झटपट शिकणारा. यातला प्रत्येक शब्द खरा असेल, पण शोधात तो निरुपयोगी आहे. कारण रिक्रूटर माणसाचे गुण शोधायला बसलेला नसतो, त्याच्यासमोर एक रिकामी जागा असते आणि ती कालपर्यंत भरायला हवी होती.

तो बसतो रेझडेक्ससमोर. नोकरीच्या रेझ्युमे-साठ्यात शोध घेण्याची ही रिक्रूटरची बाजू, आपल्याला ती दिसत नाही. तिथे तो कामाचे शब्द टाकतो. मग किमान-कमाल अनुभव, शहर, पगार, नोटीस पीरियड आणि उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता, अशा चाळण्या लावतो. शब्द पूर्ण रेझ्युमेत शोधायचे की फक्त हेडलाइन आणि की स्किल्समध्ये, हेही त्याला ठरवता येतं. संपूर्ण रेझ्युमेत शोधलं की गठ्ठा येतो, म्हणून अनुभवी रिक्रूटर शोध याच दोन रकान्यांपुरता आवळतो. तुमच्या पीडीएफच्या तिसऱ्या पानावर काय रत्न आहे, ते त्या शोधात येतच नाही.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात चार वर्षं काम केलेली, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली एक मुलगी. सप्लायरकडून आलेला माल तपासणं, सीएमएमवर मापं घेणं, पीपॅपच्या फायली तयार करणं, माल परत गेला तर सप्लायरकडून कारण आणि उपाय लिहून घेणं, हे तिचं रोजचं काम. कंपनीतलं पद ‘एक्झिक्युटिव्ह – क्यूए’. हेडलाइनमध्ये तिनं तेच टाकलं आणि की स्किल्समध्ये ‘Quality’, ‘QA’, ‘MS Office’, ‘Communication’.

तिला फोन येतात, पण कॉल सेंटरचे आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचे. यात पोर्टलचा काहीच दोष नाही. बीपीओमध्ये फोनवरचं संभाषण तपासणारा क्वालिटी अॅनालिस्ट असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये क्यूए म्हणजे टेस्टिंग. तिनं दिलेले शब्द तिन्ही धंद्यांचे आहेत, तिचा धंदा सांगणारा एकही नाही. दरम्यान पुण्यातलाच एखादा रिक्रूटर साधारण असं टाइप करत असतो:

```
PPAP AND "incoming inspection" AND (CMM OR VMM)
```

हे सगळं तिला येतं, तरी ती या शोधात नाही.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरते. आपल्याला हवी तशी नोकरी देणाऱ्या दहा-बारा जाहिराती त्याच पोर्टलवर उघडा. प्रत्येकीतलं पद आणि कौशल्यांचे शब्द वहीत उतरवा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत आलेले शब्द वेगळे काढा आणि त्यांतले स्वतःला खरोखर येतात तेवढेच ठेवा. जाहिरात आणि शोध बहुधा एकाच रिक्रूटरच्या हातून होतात, त्यामुळे शब्दही तेच असतात. या मुलीची हेडलाइन मग अशी होईल:

```
Supplier Quality Engineer, 4 yrs, Auto Components |
Incoming Inspection, PPAP, CMM | IATF 16949 | Pune
```

हेडलाइनला अडीचशे अक्षरांची मर्यादा आहे, ही त्याच्या निम्म्यात बसते. सुरुवातीला बाजारात चालणारं पद, मग वर्षं आणि उद्योग, मग तीन-चार ठोस कामं, शेवटी शहर. ‘एक्झिक्युटिव्ह – क्यूए’ हे कंपनीचं पद कामाच्या अनुभवाच्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या, कारण ते पुढे नेमणूकपत्राशी पडताळलं जातं. हेडलाइनमध्ये काम सांगायचं असतं.

आता की स्किल्स:

```
Supplier Quality, Incoming Inspection, PPAP, APQP,
CMM, 8D, 7 QC Tools, GD&T, IATF 16949
```

इथे टाइप करताना पोर्टल खाली शब्द सुचवतं. आपल्या अर्थाचा शब्द त्यात असेल तर तोच निवडा. ‘इनकमिंग मटेरियल चेकिंग’ असं घरचं नाव दिलंत तर ते वाचणाऱ्याला कळेल, पण शोधणाऱ्याला सापडेलच असं नाही. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही वापरात असतील तर एक इथे आणि दुसरं अनुभवाच्या वर्णनात असू द्या. काही समानार्थी शब्द पोर्टल स्वतः जुळवतं, पण त्यावर विसंबू नका. जुनी नावंही तपासा. आयएसओ/टीएस १६९४९ ची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ नं घेतली. अजूनही फक्त जुनंच नाव लिहिलेलं असेल तर नव्या नावानं शोधणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही, आणि जो पाहील त्याला वाटेल की तुमचं ज्ञान तिथेच थांबलंय.

मोह एकाच गोष्टीचा होतो, यादी फुगवण्याचा. ‘Six Sigma’ टाकलं की शोधात जास्त वेळा येऊ, हे खरं आहे. पण पहिल्याच फोनवर ‘कुठला बेल्ट, कुठला प्रकल्प’ असं विचारलं जातं आणि तिथे विषय संपतो. ज्या शब्दावर पाच मिनिटं बोलता येत नाही, तो काढून टाका.

फरक पडला का, हे पोर्टलच सांगतं. प्रोफाइल परफॉर्मन्समध्ये दोन आकडे असतात: ‘Search appearances’ म्हणजे किती शोधांत तुम्ही आलात, आणि ‘Recruiter actions’ म्हणजे त्यानंतर रिक्रूटरनं काही केलं का. बदल करण्याआधी दोन्ही लिहून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा. पहिला आकडा हलला नाही तर शब्द चुकताहेत, किंवा शहर, पगार, नोटीस पीरियड यांपैकी एखादी चाळणी तुम्हाला आधीच गाळते आहे. पहिला वाढला आणि दुसरा तिथेच राहिला तर तुम्ही दिसताय, पण चुकीच्या लोकांना, किंवा यादीतल्या चार ओळींतून तुमचं काम कळत नाहीये. आधी हेडलाइनच्या पहिल्या पाच शब्दांकडे बघा.

या दोन रकान्यांच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. रिक्रूटरनं पंधरा दिवसांत रुजू होणारेच हवेत अशी चाळणी लावली आणि तुमचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असला, तर उत्तम हेडलाइनही उपयोगाची नाही. नोटीस पीरियड खराच लिहा. राजीनामा दिला असेल तर मात्र त्याच दिवशी तो रकाना बदला, कारण नोटीसवर असलेले उमेदवार वेगळे शोधले जातात. रोज एक पूर्णविराम बदलून प्रोफाइल ‘ताजं’ ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्यानं तुम्ही सक्रिय दिसता, एवढंच. शोधलेला शब्द प्रोफाइलमध्ये नसेल तर सक्रिय असूनही तुम्ही त्या यादीबाहेरच राहता.

म्हणून आज रात्री एवढंच करा. की स्किल्सची यादी उघडा आणि प्रत्येक शब्दापाशी थांबून विचारा: माझ्या कामासाठी माणूस शोधणारा हा शब्द टाइप करेल का? उत्तर ‘नाही’ आलं की तो शब्द खोडा, आणि मोकळ्या झालेल्या जागी काल कामावर जे केलंत त्याचं नाव लिहा.