तोंड न उघडता उच्चारात पैकीच्या पैकी

इंग्रजी उच्चारांची वर्कशीट पुढ्यात आली की नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तो शब्द मोठ्यानं म्हणून बघतो. तसं करू नका. शेजारचा हसतो, पर्यवेक्षक डोळे वटारतात आणि मुख्य म्हणजे त्यानं उत्तर चुकतं. गेली चौदा वर्षं मी या वर्कशीट तपासतोय. ओठ शिवून सोडवलेल्या पेपराचे गुण मी कधी कापल्याचं आठवत नाही. कापणार कसे? कागदातून आवाज येत नाही.

प्रश्न बहुधा तीनच असतात. शब्दातल्या ज्या भागावर आघात येतो तिथं खूण करा, न उच्चारलं जाणारं अक्षर गोल करा आणि आवाजाची त्याच्या ध्वनिचिन्हाशी जोडी लावा. प्रत्येकी पाच गुण. एकेक करून घेऊ.

1. आघात : रेघ मारा, दम लावू नका

इंग्रजी शब्द मुखी आला की त्यातला एक भाग इतरांपेक्षा जरा लांबतो, चढ्या सुरात जातो, ठसठशीत ऐकू येतो. त्या भागाच्या आधी, वरच्या बाजूला, ˈ अशी बारीक उभी रेघ मारायची. आधी, नंतर नाही. काही जुन्या कोशांत ती नंतर असायची, म्हणून वर्गात नेहमी दोन पक्ष पडतात. तुम्हाला पक्ष निवडायचा नसेल तर रेघ अशी मारा की तपासणाऱ्याला दोन्हीकडची वाटावी. मी अशा कित्येक रेघांना संध्याकाळी साडेसहानंतर गुण दिले आहेत.

आता रेघ कुठं मारायची हे ऐकून ठरवायचं नसतं, शेपटी बघून ठरवायचं असतं. शब्दाच्या शेवटी ‘इक’ किंवा ‘शन’ दिसलं की त्याच्या लगेच आधीच्या भागावर रेघ. ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर, ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर. ‘पॉलिटिक्स’ आणि ‘अरेबिक’ हे दोन शब्द या नियमाला जुमानत नाहीत, त्यांच्या पहिल्याच भागावर आघात येतो. पेपर काढणारे नेमके हेच दोन घालतात, तेव्हा ते हातावर लिहून न्या.

या प्रश्नातला मानाचा गणपती म्हणजे ‘फोटोग्राफ’चं कुटुंब. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या भागावर. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, कारण शेवटी ‘इक’ आलं. एक, दोन, तीन. इतकं सोपं की न वाचताही रेघा मारता येतात आणि बहुतेक जण तशाच मारतात.

एक बारकावा सांगून ठेवतो, पण तो परीक्षेत वापरू नका, वेळ जाईल. आघात दुसऱ्या भागावर गेला की नुसता तो भाग जोरात म्हणायचा नसतो, बाकीच्यांनी मान खाली घालायची असते. ‘फोटोग्राफर’मधला पहिला ‘फो’ आघात गेल्यावर ‘फो’ राहतच नाही, त्याचा ‘फ’ होतो. ‘ग्रा’चा ‘ग्र’ होतो. शब्द होतो ‘फटॉग्रफ’ असा काहीतरी. आपण मराठी माणसं ‘फो’, ‘टो’, ‘ग्रा’, ‘फर’ या चौघांनाही पंगतीत सारखंच वाढतो, कुणाला उपाशी ठेवत नाही. मग रेघ दुसऱ्या भागावर असली काय आणि दहाव्यावर असली काय, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. आघाताचा निम्मा धंदा बाकीचे स्वर दाबण्यातच आहे. वर्कशीट मात्र फक्त रेघ विचारते. दाबलेल्या स्वरांना गुण नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका मुलानं हे कुटुंब बिनचूक सोडवलं. तिन्ही रेघा जागच्या जागी, पट्टीनं मारलेल्या. तासानंतर तो मला म्हणाला, ‘सर, कधी फोटो काढायचे असले तर सांगा, माझे बाबा फोटोग्राफर आहेत.’ चारही भाग सणसणीत आणि त्यातला ‘ग्रा’ तर असा दणकून की आघात चौथ्या गल्लीत ऐकू जावा. मी त्याला पाचपैकी पाच दिले होते. परत घेता येत नाहीत.

2. मुकी अक्षरं : जे लिहिलंय ते विसरा

हा प्रश्न हसत हसत सुटतो, कारण यात शब्द मोजकेच येतात. सुरी म्हणजे ‘नाइफ’, त्यातला ‘के’ गोल करा. कर्ज म्हणजे ‘डेट’, त्यातला ‘बी’. बेट म्हणजे ‘आयलंड’, त्यातला ‘एस’. प्रामाणिक म्हणजे ‘ऑनेस्ट’, त्यातला ‘एच’. प्रश्नसंच दर वर्षी तोच असतो, गोल तेवढे नव्यानं काढायचे.

चुकूनही कारण शोधू नका. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी इंग्रज खरंच म्हणत असत, नंतर तो गळला आणि लिपीत तसाच पडून राहिला. ‘डेट’मधला ‘बी’ मात्र इंग्रजीत कधीच कुणी उच्चारला नाही. शब्द फ्रेंचांकडून आला तोच ‘बी’शिवाय. पुढं पंडितांना आठवलं की याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं ‘बी’ आहे. मग त्यांनी तो कुळाचा दाखला म्हणून मध्ये खोचला. ‘आयलंड’ची गोष्ट आणखी वाईट. तो शब्द लॅटिनचा वंशजही नाही, अस्सल घरचा. पण शेजारच्या ‘आइल’ या फ्रेंचकडून आलेल्या शब्दाशी नातं आहे असा समज झाला आणि त्याचा ‘एस’ याच्या अंगावर चढवला गेला. म्हणजे एक मेलेला, एक उसना आणि एक चुकीच्या पत्त्यावर आलेला. वर्कशीटला तिघेही सारखेच. गोल काढा आणि पुढं चला.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. या वर्कशीटची उत्तरसूची बहुधा दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चाराप्रमाणे बनवलेली असते. त्या उच्चारात पुढं स्वर नसेल तर ‘आर’ म्हणतच नाहीत. ‘टीचर’, ‘डॉक्टर’, ‘कार’, ‘फोटोग्राफर’ या सगळ्यांच्या शेवटचा ‘आर’ तिथं मुका. पण दुसऱ्या प्रश्नात तुम्ही ‘टीचर’च्या ‘आर’ला गोल केलात तर उत्तर चूक! तिसऱ्या प्रश्नात ‘टीचर’चं ध्वनिलेखन निवडताना ‘आर’ असलेला पर्याय निवडलात तरी चूकच! एकच ‘आर’ एका पानावर बोलतो आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला मौन पाळतो. मी एकदा हे वरिष्ठांच्या निदर्शनास आणलं. ते म्हणाले, उत्तरसूचीप्रमाणे तपासा.

3. जोड्या लावा : चिन्हांचे चेहरे ओळखा

इंग्रजीचे आवाज 44, म्हणजे 20 स्वर आणि 24 व्यंजनं, असं आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत छापलेलं असतं. घाबरू नका, आवाज शिकायचे नाहीतच, चित्रं ओळखायची आहेत. ʃ हा मरगळलेला, लांबलेला एस, म्हणजे ‘शिप’मधला ‘श’. ŋ म्हणजे शेपटी फुटलेला एन, ‘सिंग’च्या शेवटचा. θ म्हणजे पोटात काडी घातलेला शून्य, ‘थिंक’चा पहिला आवाज.

इथं पुन्हा एक नको ते ज्ञान. θ म्हणजे आपला ‘थ’ नव्हे. खात्री करायची असेल तर आवाज ताणून बघा. ‘थालीपीठ’मधला ‘थ’ तीन सेकंद ओढता येत नाही, कारण जीभ दातांना चिकटून हवा अडवते आणि एकदम सोडते. θ मात्र श्वास असेपर्यंत ओढता येतो, कारण तिथं हवा फटीतून झिरपत राहते. बघायला मजेशीर आहे, वर्कशीटमध्ये निरुपयोगी. तिथं ‘थिंक’समोर काडीवाला शून्य आला की काम फत्ते, मग वर्गात तुम्ही ‘थिंक’ म्हणताना थालीपीठ का थापेनात.

‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, म्हणजे बनियन आणि पश्चिम दिशा, यांच्या जोडीतही हेच. एकाचं चिन्ह v, दुसऱ्याचं w. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्यात ओठांचा चंबू. आपण दोन्हींना एकच ‘व’ देतो. चिन्हं मात्र कुणीच चुकत नाही, कारण ती शब्दाचं पहिलं अक्षर बघून लावता येतात.

आणि आता उलटा ई, ə. त्याचं नाव श्वा. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच आणि गंमत अशी की तो आपल्या घरातच आहे. ‘मगर’, ‘सरबत’ म्हणताना जो ‘अ’ येतो, तो त्याचा सख्खा भाऊ. मराठी मूल ‘सरबत’ लिहितं आणि शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ न म्हणता सोडून देतं. त्याला ना कुणी गोल काढायला सांगितलं, ना वर्कशीट दिली. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ ते एका अक्षरावरून बरोबर म्हणतं.

हाच उलटा ई ‘फोटोग्राफर’मध्ये तीनदा येतो, पूर्ण ध्वनिलेखन असं : /fəˈtɒɡrəfə/. वर दाबलेल्या स्वरांची जी गोष्ट सांगितली ती हीच. म्हणजे पहिला प्रश्न आणि तिसरा प्रश्न हे एकाच गोष्टीबद्दल विचारत होते. पण दोन प्रश्नांची ओळख करून द्यायच्या भानगडीत पडू नका. दोघांना वेगवेगळे गुण आहेत आणि एकत्र घेतले तर पाचच्या पाचच राहतील.

4. उत्तरसूची कुठली, ते आधी बघा

काही वर्कशीट ब्रिटिश असतात, काही अमेरिकन. शेवटचं उदाहरण म्हणून ‘लॅबोरेटरी’ घ्या. ब्रिटिश उच्चारात आघात दुसऱ्या भागावर, अमेरिकनमध्ये पहिल्यावर. ज्या वर्कशीटच्या कोपऱ्यात विलायती झेंडा नसेल तिथं अंदाज बांधा. मी काम करत असलेल्या एका ठिकाणी लँग्वेज लॅबोरेटरी होती, 20 हेडफोन आणि कुलूप. दोन्ही आघातांना तिथं सारखाच अभ्यास मिळाला, कारण किल्ली कारकुनाकडे असे आणि कारकून साडेपाचला घरी जाई.

तेव्हा शेवटचा सल्ला. पेपर देऊन घरी गेल्यावर, दार लावून, कुणी ऐकत नसताना ‘फोटोग्राफर’ एकदा मोठ्यानं म्हणा. ‘फ’ आला की ‘फो’, ते ऐका. ‘फो’ आला तर काळजी करू नका, गुण कापले जाणार नाहीत.