तीस मिनिटं मागताय, पण कोणाकडे?

"सर, आमचा स्टार्टअप वस्त्रोद्योगात क्रांती घडवणार आहे. आपली फक्त तीस मिनिटं हवीत. एका पानाची माहिती सोबत जोडली आहे."

असे निरोप गुंतवणूकदारांकडे येत राहतात आणि बहुतेक अनुत्तरित राहतात. धाडणारी पोरं मेहनती असतात, म्हणून ते जास्त खुपतं. भाषा सुधारून, लोगो बदलून उपयोग नाही. निरोप लिहिण्याआधी करायचा हिशेबच झालेला नसतो.

एक उदाहरण रचून पाहू. इचलकरंजीत दोघांनी यंत्रमागावर बसणारं छोटं उपकरण बनवलं आहे. माग कधी थांबला, किती वेळ बंद राहिला, हे कारखानदाराला मोबाइलवर दिसतं. भाडं एका मागाला महिना १५० रुपये. आजवर १८ कारखान्यांतल्या ६४० मागांवर उपकरण बसलं आहे. त्यातले ११ कारखाने, म्हणजे ४१० माग, भाडं देतात. उरलेल्या सात कारखान्यांत फुकट चाचणी चालू आहे. महिन्याची कमाई ६१,५०० रुपये.

त्यांच्या पानावर मात्र ठळक अक्षरांत काय? देशातल्या वस्त्रोद्योगाची लाखो कोटींची उलाढाल. त्या उलाढालीत कापूस आहे, सूत आहे, शिवलेले कपडे आहेत. या दोघांच्या उपकरणाशी त्यातल्या बहुतेक रकमेचा काडीचाही संबंध नाही. बाजारपेठ मोजायची तर मागापासून मोजायला हवी. एक लाख माग, प्रत्येकी महिना १५० रुपये, बारा महिने: १८ कोटी रुपये. दर लाख मागांमागे वर्षाला इतकी कमाई, तीही एकूण एक कारखानदार हो म्हणाला तर.

आता टेबलाच्या पलीकडे बसून पाहा. समजा, गुंतवणूकदाराकडे ३०० कोटींचा फंड आहे. हे पैसे त्याचे स्वतःचे नाहीत. दुसऱ्यांनी साधारण दहा वर्षांसाठी सोपवलेले आहेत आणि ते कित्येक पटींनी परत करायचे आहेत. त्याने पैसे घातलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याच बुडणार किंवा जेमतेम मुद्दल देणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक कंपनीबद्दल तो विचारतो, ही एकटी माझा अख्खा फंड परत देऊ शकेल का? विक्रीच्या वेळी त्याच्याकडे १५ टक्के हिस्सा उरला असेल, तर त्यासाठी कंपनी २,००० कोटींना विकली जायला हवी. आपल्या दोघांनी एक लाख माग जिंकले आणि कंपनीला वार्षिक कमाईच्या दहापट किंमत मिळाली, तरी होतात १८० कोटी. त्याच्या वाट्याला २७ कोटी. धंदा उत्तम आहे, पण त्याच्या फंडाला पुरणारा नाही. तो नकार देतो तेव्हा बहुधा हे गणित बोलत असतं, आणि पोरांना वाटतं आपलं उपकरणच वाईट.

गणित चुकतंही. जून २००८मध्ये मायकल सायबेल या उद्योजकाने एअरबीएनबीच्या संस्थापकांची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली होती. ते १५ लाख डॉलर मूल्यांकनावर दीड लाख डॉलर उभे करू पाहत होते, म्हणजे दहा टक्के हिस्सा. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. संस्थापकांपैकी ब्रायन चेस्कीने २०१५ साली ते नकार प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाचं म्हणणं असं, की आमच्या पद्धतीला लागते तेवढी मोठी ही बाजारपेठ दिसत नाही. बाजारपेठेचा त्याचा अंदाज साफ चुकला. पण त्याने तपासलं काय ते बघा: धंद्याचा आकार फंडाच्या आकाराशी जुळतो का. हे तपासणं थांबणार नाही. त्यामुळे संस्थापकाने ते स्वतः आधी करावं.

केलं की दार कोणतं ठोठावायचं तेही कळतं. आपल्या दोघांना ३,००० भाडं देणाऱ्या मागांपर्यंत जायचं आहे. एक उपकरण बनवायला १,८०० रुपये लागतात, ते बारा महिन्यांच्या भाड्यात वसूल होतात. बसवलेली ६४० वगळता अजून २,३६० उपकरणं हवीत, त्यांचा खर्च जवळपास साडेबेचाळीस लाख. हा खर्च हिस्सा विकून करू नये, असं माझं ठाम मत आहे. वर्षभरात स्वतःची किंमत फेडणाऱ्या वस्तूसाठी कर्ज घ्यावं. तारण नसेल तर लघुउद्योगांच्या पतहमी योजनेतून बँकेकडे विचारणा करावी. हिस्सा विकावा तो ज्याचं उत्तर आज कोणालाच माहीत नाही अशा कामासाठी. इथे तो प्रश्न असा: भिवंडीचा कारखानदार इचलकरंजीसारखाच भाडं देईल का? हे शोधायला दोन तंत्रज्ञ, एक विक्रीचा माणूस आणि एक वर्ष हवं. त्याला ३० लाख पुरतील. आणि ३० लाखांसाठी मोठ्या फंडाकडे जायचं कारण नाही. कापडधंद्यात आयुष्य घातलेला, स्वतःचे पैसे लावणारा एखादा एंजल गुंतवणूकदार इथे योग्य माणूस.

मग निरोप असा होतो:

"नमस्कार सर, यंत्रमाग थांबला की कारखानदाराला लगेच कळवणारं उपकरण आम्ही भाड्याने देतो. इचलकरंजीत ११ कारखान्यांतले ४१० माग महिना १५० रुपये भाडं देतात, आणखी सात कारखान्यांत फुकट चाचणी चालू आहे. हेच भिवंडीत चालतं का हे वर्षभरात तपासण्यासाठी ३० लाख उभे करत आहोत. आपण स्वतः माग चालवले आहेत, म्हणून आपल्याला लिहीत आहोत. येत्या मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी तीस मिनिटं देऊ शकाल का? एका पानाची माहिती सोबत आहे."

यात वाचणाऱ्याला नाही म्हणायलाही पुरेशी माहिती आहे. तेच हवं. शिवाय हा निरोप तो जसाच्या तसा आपल्या ओळखीच्या कारखानदाराला पुढे धाडून विचारू शकतो, "हे खरं का रे?"

जोडलेल्या पानावर निरोपातलीच गोष्ट थोडी खोलात यावी: भाड्याचे महिनावार आकडे, एका उपकरणाचा खर्च आणि वसुली, दोघांनी आधी काय काम केलं, ३० लाख कुठे जाणार. आकड्यांची सरमिसळ इथेच होते. ६४० माग "ग्राहक" म्हणून लिहिले जातात, कारण तो आकडा मोठा दिसतो. सुरुवातीपासूनची सगळी कमाई एकत्र करून तिचा चढता आलेख काढला जातो. बेरजेचा आलेख धंदा आटला तरी खाली येत नाही, आणि हे वाचणाऱ्याला पाहताक्षणी कळतं. त्यानंतर पानावरच्या खऱ्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

भेट ठरली, तर पहिला प्रश्न बहुधा त्या सात कारखान्यांचा असेल: चाचणी कधी संपते, भाडं द्यायला कोण तयार आहे, कोणी नकार दिला आणि का? तेव्हा मंगळवारच्या आधी त्या सातही जणांना भेटून भाडं मागून यावं. एखाद्याने उपकरण काढून न्यायला सांगितलं, तर पानावरचा आकडा त्याच संध्याकाळी ६४०वरून खाली आणावा आणि नवं पान धाडावं.