विषय : आजीचा उजवा डोळा

शाळेत आम्हाला दरवर्षी रजेचा अर्ज शिकवायचे. 'वरील विषयास अनुसरून' इथून गाडी सुटायची आणि 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' या स्टेशनावर थांबायची. कारणं दोनच, ताप आणि मामाचं लग्न. 'मला रजा नको, काम करतो, पण तुमच्याकडे येऊन करत नाही' असा अर्ज कुठल्याच गुरुजींनी शिकवला नव्हता. तो लिहायची वेळ आली शेवटच्या सेमिस्टरला, पुण्यातल्या एका कंपनीत इंटर्न असताना, आजीच्या मोतीबिंदूमुळं.

मोतीबिंदू पिकला होता. पिकण्याच्या बाबतीत आमच्या गावात यंदा तेवढीच एक गोष्ट वेळेवर झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतला सोमवार दिला. त्याच आठवड्यात हरभरा काढणीला आला, बहिणीची दहावी तोंडावर आली आणि मजूर तर आमच्या धाराशिव जिल्ह्यात आता लग्नपत्रिका देऊनही येत नाहीत. नानांचा फोन आला, "आठ दिवस ये. आजीच्या डोळ्यात थेंब टाकायला माणूस पाहिजे."

पहिला मसुदा मी दीड पान लिहिला. त्यात आजीला चुलीजवळची मांजर पातेल्यासारखी कशी दिसायला लागली इथपासून सगळं होतं. खोलीतला मित्र म्हणाला, हे मेल नाही, केसपेपर आहे. दुसऱ्यात फक्त 'घरगुती अडचणीमुळं' एवढंच ठेवलं. तो म्हणाला, यावरून वाटतंय तू पळून लग्न करतोयस.

मेंटरला आधी तोंडी विचारलं, तेव्हा खरी गोम कळली. आजीला काय झालंय हे त्यांना एका ओळीत पुरे होतं. त्यांना हवं होतं ते वेगळंच : कुठल्या तारखांना, रोज किती ते किती, कुठलं काम, आणि इंटरनेट गेलं तर काय. शिवाय त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. "सोमवारी ऑपरेशन आहे ना? मग सोमवारची सरळ रजा घे. दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून ना काम होतं, ना आजीकडं लक्ष राहतं."

तिसरा मसुदा आठ ओळींचा झाला. सोमवारी रजा, मंगळवार ते शुक्रवार घरून काम, आजीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, सांभाळायला घरात दुसरं कुणी मोकळं नाही, सकाळी दहाच्या मीटिंगला रोज हजर, लाईट किंवा रेंज एक तासापेक्षा जास्त गेली तर फोन करून कळवीन आणि तेवढा वेळ संध्याकाळी भरून काढीन. मेल बुधवारीच पाठवलं, एक प्रत एचआरला आणि एक कॉलेजच्या समन्वयक मॅडमना. आमच्या हजेरीपत्रकावर कंपनीची सही लागते आणि 'तोंडी परवानगी होती' या वाक्याला सही करता येत नाही.

एचआरकडून दोन शंका आल्या. पहिली भूगोलाची : आधारकार्डावर उस्मानाबाद आणि मेलमध्ये धाराशिव, मग नक्की जाणार कुठं? २०२३ साली नाव बदललं हे मी कळवलं. आमची शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, तिनं अर्ज केलेला नाही, हे कळवलं नाही. दुसरी शंका वैद्यकीय : मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, पेशंट त्याच दिवशी घरी, मग आठवडा कशाला? प्रश्न रास्त होता. मी लिहिलं की ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत, थेंब मी टाकणार आहे. मंजुरी आली.

जायच्या आधी दोन कामं केली. आयटीवाल्यांकडून लॅपटॉप बाहेर नेण्याचं पत्र आणि व्हीपीएन घेतलं, आणि जे जे जड डाउनलोड होतं ते ऑफिसच्या वायफायवर उतरवून ठेवलं. काम मुद्दाम टेस्ट लिहिण्याचं मागून घेतलं. एकट्यानं तासभर मुंडी खाली घालून करायचं काम खेड्यात चालतं. दर दहा मिनिटांनी कुणाला तरी विचारावं लागणारं काम रेंजसोबत जातं.

मंगळवारी कळलं की मी अर्ज अर्ध्याच ठिकाणी केला होता. कंपनीनं मंजूर केलेलं 'घरून काम' घरानं मंजूर केलंच नव्हतं. नानांचं गणित सरळ होतं. "कामावर आहेस तर इथं कसा? आणि इथं आहेस तर मोटर चालू करून ये." आई दर अर्ध्या तासानं चहा आणून ठेवायची, आणि कप न्यायला आली की उभ्या-उभ्या भावकीतल्या भांडणाचा पुढचा हप्ता सांगायची. शेजारच्या काकूंनी तर दारातूनच विचारलं, "काय करलालास रे दिवसभर? कंपनीनं काढून टाकलं का?"

रेंज फक्त माळवदाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात यायची. तिथं पाटीत फोन ठेवला, हॉटस्पॉट लावला आणि मी खालच्या खोलीत. ऐकायला सगळं स्पष्ट यायचं, पण माझा आवाज वर चढताना दमायचा. कॅमेरा बंद केला की मात्र बरा जायचा. एकदा मी मीटिंगमध्ये प्रगती सांगत असताना शेळी ओरडली आणि सगळ्यांनी ती माझी सहमती समजली.

थेंबांचं वेळापत्रक मात्र कंपनीपेक्षा कडक. एक बाटली दिवसभर दर दोन तासांनी, दुसरी चार वेळा. दोन्हींची वेळ एकत्र आली की मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. हात धुवायचे, आजीला वर बघायला लावायचं, खालची पापणी ओढून आतल्या खळग्यात एकच थेंब, आणि बाटलीचं तोंड कशालाच लागू द्यायचं नाही. दहाचा थेंब आणि दहाची मीटिंग एकमेकांना धडकत होते. डॉक्टरांना फोन केला. पंधरा मिनिटं अलीकडं चालेल म्हणाले. मग पावणेदहाला पहिली बाटली, दहाला दहा कमी असताना दुसरी, आणि दहाला मी पडद्यावर.

आजी थेंबाला शांत असायची, पथ्याला नाही. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही. म्हणजे तिच्या दृष्टीनं जगायचंच नाही. बुधवारी मी कॉलवर असताना ती काळा चष्मा लावून चुलीपुढं बसलेली सापडली. "भाकरी करत नाही, बघतेय फक्त," म्हणाली. मी मायक्रोफोन चालू असतानाच ओरडलो, "उठ आधी तिथून!" पलीकडं आमचा टीम लीड काही क्षण गप्प झाला. तोही मराठीच निघाला.

त्या दिवशी संध्याकाळी डोळा थोडा लाल दिसला आणि माझं काळीज हललं. डॉक्टरांनी बजावलं होतं, किंचित खुपणं चालेल. पण दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर त्याच वेळी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. आजीला हाताची बोटं दाखवली. तिनं बरोबर मोजली आणि वर म्हणाली, "नखं काप." फोनवर डॉक्टरांनीही हेच विचारून धीर दिला. सकाळी लाली ओसरली होती.

शुक्रवारी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. आजी काळा चष्मा सावरत मागं येऊन उभी राहिली. पडद्यावरच्या ओळी तिनं एकेक करून न्याहाळल्या, मग माझ्याकडं आणि मग भिंतीकडं बघितलं. "भिंतीला एवढे पोपडे होते व्हय?" म्हणाली. "आणि तू तर वाळलास." नंतर डावा डोळा झाकून आणि उजवा झाकून असं तिनं आळीपाळीनं करून बघितलं. उजव्यानं शेळी, डाव्यानं धुकं. डॉक्टर आधीच म्हणाले होते की डावाही पिकत आलाय, काही आठवड्यांनी तोही करून घेऊ.

रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत मी ते जुनं मेल उघडलं, 'उजवा'चं 'डावा' केलं, तारखांची जागा मोकळी ठेवली आणि मसुद्यात जपून ठेवलं. त्याचीच एक प्रत मराठीत लिहून नानांनाही पाठवली. विषय : मोटर चालू करण्यातून सूट मिळणेबाबत. अजून उत्तर नाही.