कानसेनाचा तंबोरा

तानसेन व्हायला गळा लागतो, रियाज लागतो आणि अकबर लागतो. कानसेन व्हायला दोन कान पुरतात. ते जन्मतःच मिळालेले असल्यामुळे मी ती पदवी पंधरा वर्षांपूर्वी कुणालाही न विचारता लावून घेतली. ऑफिसात कुणी सिनेमाचं गाणं गुणगुणलं की मी डोळे मिटून 'षड्ज किंचित चढला' असं म्हणतो. लोक आता माझ्याजवळ गुणगुणत नाहीत.

त्यामुळे दोनेक वर्षांपूर्वी रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात बारीक 'सूंऽऽ' ऐकू यायला लागलं, तेव्हा मला भीती वगैरे वाटली नाही. मला वाटलं, तंबोरा! इतकी वर्षं ऐकून ऐकून सूर अंगात मुरला. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, उद्या डॉक्टरकडे जा." मी म्हणालो, "उद्या कशाला दुपारकडे जाऊ?"

हा सूर कुठे मुरला, ते सांगायचं तर ठाकुर्लीबद्दल बोलावं लागेल, आणि ठाकुर्लीबद्दल मी कधीही बोलू शकतो. आम्ही डोंबिवलीच्या पुढे आणि कल्याणच्या अलीकडे राहतो. हाच आमचा पत्ता, हीच आमची व्यथा. फास्ट लोकल आमच्या फलाटाकडे ढुंकूनही न बघता जाते. डोंबिवलीकराला निवड असते: फास्टमध्ये चेंगरायचं की स्लोमध्ये. आम्हाला ती चैन नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला 'ठाकुर्लीला उतरा' असं सांगितलं की तो हटकून फास्टमध्ये बसतो आणि कल्याणहून फोन करतो, "तुमचं स्टेशन गेलं हो, दिसलं मला!" आमचं स्टेशन दिसतं, मिळत नाही. माझ्या लग्नातले निम्मे वऱ्हाडी असे कल्याणहून उलटे आले आणि त्यातल्या दोघांना परतीच्या गाडीत डुलकी लागून ते डोंबिवली बघून आले. असो. सांगायचं एवढंच की भायखळ्यापर्यंत मला सव्वा तास लागतो, सव्वा तास परत, आणि हे अडीच तास आठवड्यातून पाच दिवस मी हेडफोन लावून ख्याल ऐकतो.

आता ख्यालाचा स्वभाव बघा. आलापी अगदी हळुवार. बाहेर गाडीचा खडखडाट, पंखे, 'पुढे सरका' आणि चौथ्या सीटवरून चाललेलं महाभारत. आलाप ऐकू यावा म्हणून मी आवाज वाढवतो. मुलुंडपर्यंत बुवा द्रुत लयीत येतात, तबला पेटतो, आणि आवाज मात्र आलापीच्या वेळी ठेवला होता तिथेच असतो. म्हणजे माझ्या कानात किती जोरात गायचं हे बुवा ठरवतच नाहीत, मीही ठरवत नाही. ते मध्य रेल्वेच्या रुळांवर ठरतं.

शेवटी गेलो कान तपासून घ्यायला. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं; बारीक 'टूं' ऐकू आला की दाबायचं. मी माझा तंबोरा ऐकूनही दाबत होतो, म्हणून तपासणी दोनदा करावी लागली. आलेखावर रेघ सरळ चालली होती. 4000 हर्ट्झपाशी ती एकदम खड्ड्यात गेली आणि 8000ला पुन्हा वर आली. ऑडिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "वयामुळे असतं तर रेघ उतरत गेली असती, वर आली नसती. हा खड्डा आवाजाचा आहे." माझा पहिला विचार 'म्हणजे मी म्हातारा नाही!' हा होता, हे इथे प्रांजळपणे नोंदवतो.

त्यांनी समजावलं ते असं. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या गवतासारख्या वाकतात. गाडीतून उतरल्यावर कानात कापूस घातल्यासारखं होतं ना, ते हेच. रात्रभरात गवत बहुधा उभं राहतं. रोज त्याच वाटेने चाललं की पायवाट पडते, आणि ते गवत परत उगवत नाही. माझी पायवाट 4000ला पडली होती. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची धार याच वरच्या पट्टीत असते. म्हणून मला बोलणं ऐकू येतं, पण 'डॉक्टर'चं 'दुपार' होतं. आणि तंबोऱ्याची जवारी, ती झळाळी, तिच्यातलाही बारीक भाग तिथेच असतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी कानसेन म्हणवून घेत होतो, नेमकी तीच खर्ची पडत होती. बदल्यात मिळाला फुकटचा तंबोरा, बिनजवारीचा.

घरी आल्यावर मुलीने माझा आयफोन हातात घेतला. त्यात ऐकलेल्या आवाजाची नोंद असते, हे मला ठाऊकच नव्हतं. गाडीतला माझा आकडा 90 डेसिबलच्या आसपास निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की मोठ्या माणसाने आठवड्याला 80 डेसिबल फार तर 40 तास ऐकावं. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 83ला 20 तास, 86ला 10. अशाने 90ला जेमतेम 4 तास उरतात.

"सोमवारचे अडीच," ती बोटांवर मोजत म्हणाली, "मंगळवारी सकाळचा सव्वा, झाले पावणेचार. बाबा, मंगळवारी संध्याकाळी माटुंगा-शीवच्या आसपास तुझा आठवडा संपतो. पुढचं सगळं उधारीवर."

फोन मध्येमध्ये इशारा देऊन आवाज आपोआप कमी करायचा, तो मी परत वाढवायचो. एखाद्या यंत्राने कानसेनाला 'हळू ऐक' म्हणावं? मुलीने Settings उघडलं, Sounds & Haptics, मग Headphone Safety, मग Reduce Loud Audio. तिथे 75 ते 100 अशी पट्टी असते. मी 85 मागितले. 85ला साडेबारा तास मिळतात आणि माझा प्रवासही साडेबारा तासांचाच. "आणि घरी ऐकतोस ते?" असं म्हणत तिने 80वर आणलं. मग Screen Timeमध्ये जाऊन, मुलांच्या फोनला घालतात तसं, त्या सेटिंगला कुलूप घातलं. पासकोड तिच्याकडे. बावन्नाव्या वर्षी मी अल्पवयीन झालो.

कुलूप चुकवायचा मार्ग मी तीन दिवसांत शोधला. फलाटाबाहेर दीडशे रुपयांचा इयरफोन घेतला. अनोळखी इयरफोनचा आवाज फोनला मोजता येत नाही, तो फक्त अंदाज बांधतो. तेव्हा आकडा 80 दाखवत होता आणि कान पुन्हा कापसात. मुलगी रागावली नाही. तिने कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांचा जोड आणून दिला. बाहेरची खडखड अडली, आणि आलाप 80च्या आतच ऐकू आला. इतकी वर्षं मी बुवांचा आवाज वाढवत होतो. गाडीचा कमी करायचा हे सुचलं नव्हतं.

आमचे अण्णा गिरणीत साच्यावर होते. साचेखात्यात शेजारचा माणूस बोलला तर ओठ बघून कळायचं. कानात घालायला कुणी काही दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. घरी ते मोठ्याने बोलत, रेडिओ मोठ्याने लावत, आणि आम्हाला वाटायचं अण्णा तापट आहेत. मी तर त्यांच्याशी बोलणंच कमी केलं होतं. त्यांना तो आवाज पगाराबरोबर मिळाला. मी तोच आवाज हप्त्याने हेडफोन घेऊन विकत आणला.

परवा रात्री खिडकीपाशी डोळे मिटून बसलो होतो. मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, कुठला राग?"

"अजून राग सुरू नाही झाला," मी म्हणालो. "नुसता तंबोरा चालू आहे."

ती टेबलाकडे बघत राहिली. हेडफोन तिथे चार्जिंगला लावलेला होता.